हुकूमनाम्यात न सापडणारे कूळ

दिवाणी कोर्टाचा एकतर्फी हुकूमनामा हा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती येणारा बहुधा सर्वांत मुका कागद असावा. वादीचे नाव, प्रतिवादीचे नाव, गाव, रोख्याची तारीख, मुद्दल, व्याज, खर्च, एकूण रक्कम आणि प्रतिवादी समन्स बजावूनही हजर राहिला नाही असा शेरा, इतकाच मजकूर त्यात असतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या एखाद्या गावाच्या कर्जबाजारीपणाविषयी निबंध लिहायचा तर अशा हुकूमनाम्यांचा ढीग समोर असतो, आणि त्या ढिगात कर्ज घेणारा माणूस, म्हणजे सावकाराच्या भाषेतले ‘कूळ’, प्रत्येक पानावर नावानिशी असूनही एकदाही बोलत नाही. मी असा एक निबंध काही काळापासून लिहीत आहे. कोर्टाच्या दप्तरातून आणि अर्जांतून सामान्य माणसाचा आवाज ऐकायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मला त्या निबंधाने विचारायला लावला. त्यातली जी उत्तरे कामाची ठरली, तेवढीच येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, कोर्टातली गैरहजेरी हीसुद्धा माहितीच असते. फक्त तिचा अर्थ हुकूमनाम्यात लिहिलेला नसतो. कूळ हजर का राहत नसे याची कारणे एकाहून अधिक होती. कोर्ट तालुक्याच्या किंवा त्याहून दूरच्या गावी असे, तारीख पेरणीत किंवा काढणीत येई, समन्स बजावल्याचा शेरा खरा असेलच याची खात्री नसे. पण या सर्वांहून मोठे कारण असे होते की, हजर राहून सांगण्यासारखे त्याच्याजवळ कायद्याला ऐकू येईल असे काही नव्हते. रोख्यावर त्याची निशाणी होती, साक्षीदारांच्या सह्या होत्या, रक्कम पोहोचल्याची कबुली मजकुरातच होती. त्यातून उद्या बियाण्यासाठी पुन्हा त्याच दारात जायचे होते. त्यामुळे गैरहजर राहिलेल्या कुळाला अडाणी किंवा बेफिकीर ठरवणारे जे शेरे त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात दिसतात, ते मी जसेच्या तसे उचलत नाही. त्याचे न येणे हा पुष्कळदा हिशेबी निर्णय असे.

रोख्यावरची रक्कम हा दुसरा मुखवटा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्यांवर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याजाचा डोंगर साचू नये असा त्यामागचा उद्देश सांगितला जाई. प्रत्यक्षात मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि जुने मुद्दल अधिक व्याज हे सगळे नव्या रोख्यात मुद्दल म्हणून उतरे. हिशेब करून पाहिला तर हे डोळ्यांना दिसते. समजा, शंभर रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले आणि मधे काहीच फेडले नाही. तीन वर्षांचे व्याज बहात्तर रुपये, म्हणून दुसरा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तिसरा रोखा २९५ रुपये १३ आण्यांचा. नवव्या वर्षाअखेर येणे पाचशे नऊ रुपयांच्या घरात जाते. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणे व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण प्रत्येक नव्या रोख्याबरोबर मुद्दलच नवे होत असल्यामुळे तो नियम कागदोपत्री कधी मोडलाच जात नसे. कोर्टापुढे येई तो शेवटचा रोखा, आणि हुकूमनाम्यात उतरे ती शेवटची रक्कम. ती रक्कम पाहून ‘या शेतकऱ्याने लग्नात तीनशे रुपये उधळले’ असे लिहिणारा अभ्यासक मूळ शंभर रुपयांपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

म्हणून आवाज शोधायला हुकूमनाम्याच्या बाहेर जावे लागते, आणि या भागासाठी ती वाट १८७५ च्या दंग्यांतून जाते. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठून वह्या आणि रोखे मागितले. वह्या जाळल्या गेल्या, धान्य लुटले गेले, काही घरांना आगी लागल्या. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागदावर हात टाकण्याकडे जमावाचा रोख अधिक होता, ही गोष्ट त्या काळच्या अधिकाऱ्यांच्याही लक्षात आली होती. ज्या कागदापुढे कोर्टात आपले काही चालत नाही, तो कागदच राहू नये, इतका साधा आणि अचूक तर्क त्यामागे होता. (स्थानिक इतिहासकाराची पंचाईत अशी की, सर्वांत जास्त पीडलेल्या गावांतले रोखे जळाले, जे उरले ते बहुतांशी तुलनेने शांत राहिलेल्या गावांतले. उरलेल्या कागदांवरून सरासरी काढताना हे विसरले तर चित्र उगाच सौम्य होते.)

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. आयोगाने जमवलेल्या कागदांत रयतेच्या, सावकारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या जबान्या आहेत, भाव आणि व्याजाचे आकडे आहेत आणि काही अर्जही आहेत. त्यांतला एक अर्ज कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरला केलेला आहे. तो इंग्रजी रूपात छापलेला आहे, त्यामुळे त्यातले शब्द मी अवतरणात देत नाही. आशय तेवढा सांगतो. अलीकडे सावकार आम्हांला छळू लागले आहेत, असे अर्जदार म्हणतो. घरखर्चापुरतेही पिकत नाही, म्हणून पैसा, कापड आणि धान्य त्यांच्याकडेच मागावे लागते. ते मिळते, पण फार कष्टाने, आणि रोख्यात कडक अटी घातल्यावर. कापड आणि धान्य रोखीच्या भावाने मिळत नाही. रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के जास्त लावले जातात. शेतातले पीकही सावकार घेऊन जातात, नेताना खात्यावर जमा करू म्हणून सांगतात, पण हिशेबात त्याचा उल्लेख करत नाहीत आणि नेलेल्या मालाची पावतीही देत नाहीत.

हा अर्ज मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा वाटतो. पहिल्या वाचनात डोळ्यांत भरते ते दैन्य. पण दैन्य हा अर्जाचा साचाच असतो. सरकार मायबाप आहे, अर्जदार गरीब आहे, त्याला दुसरा आधार नाही, हे कुठल्याही काळातल्या कुठल्याही अर्जात येणारच. म्हणून दैन्याचा भाग मी वाचताना हलक्या हाताने बाजूला ठेवतो आणि साच्याला ज्याची गरज नव्हती असे काय उरते ते पाहतो. येथे दोन गोष्टी उरतात. एक, रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांतला फरक, तोही टक्क्यांत. दोन, पावती. या माणसाची तक्रार व्याजाच्या दराविषयी नाही, हे नीट पाहिले पाहिजे. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात व्याजाचा दर हाच सतत चर्चेचा विषय होता. अर्जदार मात्र सांगतो की, माझ्याकडून जे जाते ते लिहिले जात नाही. त्याचे दुखणे आकड्यात नसून नोंदीत आहे. रोख्यात काय घालतात ते त्याला माहीत आहे आणि वहीत काय घालत नाहीत तेही माहीत आहे. लिहिता वाचता न येणाऱ्या माणसाला लिखापढीचा अर्थ कळत नाही, ही समजूत या एका अर्जाने मोडते.

आता शंका. हा आवाज त्याचाच कशावरून? अर्ज लिहिणारा दुसराच कोणी असणार. गावचा कुलकर्णी, कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस किंवा सावकाराशी वाकडे असलेला एखादा साक्षर माणूस. टक्केवारीची भाषा त्याची असू शकेल. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ येते, तेव्हा एकाच्या नावाने अनेक बोलत असतील किंवा लेखणीवाला सर्वांच्या वतीने बोलत असेल. या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही, आणि ते झाल्याचा आव निबंधात आणू नये असे माझे ठाम मत आहे. पण तपासण्याची एक रीत आहे. अर्जातला एखादा तपशील वेगळ्या हाताने लिहिलेल्या, वेगळ्या हेतूच्या कागदात पुन्हा भेटतो का, हे पाहायचे. पावतीचा तपशील तसा भेटतो. १८७९ मध्ये जो दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने काहीही फेडले तर त्याची लेखी पावती त्याला मिळालीच पाहिजे, वर्षाचा हिशेब मागितल्यास दिला पाहिजे, पासबुक हवे असल्यास तेही दिले पाहिजे, अशी कलमे आली. कलम करणाऱ्यांना पावती न मिळणे ही खरी आणि सर्वदूर असलेली अडचण वाटली, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ लागत नाही. मिरजगावच्या त्या अर्जामुळे कलम आले असे मी म्हणत नाही. अर्जदाराने सांगितलेले गाऱ्हाणे त्याच्या लेखनिकाने हवेतून काढलेले नव्हते, इतकेच म्हणतो.

आयोगापुढच्या जबान्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे कोणाला काय विचारायचे हे आधी ठरलेले होते. सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण आहे का, हे आयोगाला खास तपासायला सांगितले होते, आणि सारा हे कारण नाही, दोष सावकारीचा आहे, या निष्कर्षावर आयोग आला. आता याच भागात १८६७ च्या सुमारास साऱ्याच्या आकारणीची तीस वर्षांची पहिली मुदत संपून फेरआकारणी झाली होती आणि काही ठिकाणी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि नेमका त्याच वेळी सारा वाढला. अशा परिस्थितीत सरकारी अधिकाऱ्यासमोर बसलेला शेतकरी साऱ्याविषयी किती मोकळेपणाने बोलेल? सावकाराविरुद्ध बोलायला मुभा होती, नव्हे, ते ऐकायला समोरचा उत्सुक होता. त्यातही परप्रांतातून आलेल्या गुजर आणि मारवाडी सावकारांविरुद्ध बोललेले तर अधिकच. म्हणून सावकाराविरुद्धची साक्ष खोटी ठरत नाही. पण साऱ्याविषयीचे मौन हे समाधान म्हणून वाचता येत नाही. मी निबंधात या जबान्या वापरताना, कोणी विचारले आणि त्या विचारणाऱ्याला कोणते उत्तर सोयीचे होते, हे प्रत्येक वेळी सांगतो. वाचक थोडा कंटाळतो, पण त्याला इलाज नाही.

खरा बदल होतो तो १८७९ च्या कायद्यानंतरच्या दिवाणी दप्तरात, आणि ही गोष्ट पुरेशी ज्ञात नाही असे मला वाटते. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याने कोर्टावर दोन कामे टाकली. एक, प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासायचे. तसे करण्याची गरज नाही असे न्यायाधीशाला वाटले तर त्याची कारणे लेखी नोंदवायची. दोन, रोख्यावरच्या रकमेवर न थांबता व्यवहाराचा इतिहास अगदी पहिल्या देवघेवीपासून तपासायचा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढायचे आणि व्याजावर व्याज धरायचे नाही. माझ्या वरच्या उदाहरणात २९५ रुपये १३ आण्यांच्या रोख्यामागचे शंभर रुपये बाहेर काढण्याचे काम आता न्यायाधीशाला करावे लागणार होते, आणि ते कुळाला बोलते केल्याशिवाय होणे कठीण होते. म्हणून १८८० नंतरच्या ज्या दाव्यांची पूर्ण कागदपत्रे टिकली आहेत, त्यांत एरवी मुका असलेला माणूस पहिल्यांदा सविस्तर बोलतो: कर्ज कोणी घेतले, मी की माझ्या बापाने, बैल मेला तेव्हा की लग्नात, किती पोती ज्वारी दिली, कोणी मोजली, कोण हजर होते, रोखा कोणाच्या ओटीवर लिहिला आणि वाचून दाखवला की नाही.

पण अशी जबानी वाचण्याचे एक शास्त्र आहे. त्या काळच्या दिवाणी प्रक्रियेत साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता सलग निवेदनाच्या रूपात लिहीत. म्हणजे वकिलाने विचारलेले दहा प्रश्न आणि साक्षीदाराची दहा उत्तरे यांतले प्रश्न गळून जातात, आणि उत्तरे जोडून ‘मी’चे एक एकसंध कथन तयार होते. नवख्या वाचकाला वाटते की, शेतकरी मोकळेपणाने आपली कहाणी सांगत आहे. प्रत्यक्षात तो दुसऱ्याने ओढलेल्या रेषांवरून चालत असतो. गळालेले प्रश्न मात्र खुणा ठेवून जातात. कथन अचानक बैलावरून भावाच्या वाटणीवर उडी घेते, तेथे प्रश्न बदललेला असतो. आणि उलटतपासणीच्या भागात नकारांची रांग लागते. मी माझ्या भावाच्या सांगण्यावरून हे बोलत नाही. माझे वादीशी पूर्वीचे वैर नाही. मी रोखा लिहिला तेव्हा दारूच्या अमलात नव्हतो. यातले वैर आणि दारू साक्षीदाराच्या मनातून आलेली नाहीत. ती समोरच्या वकिलाच्या सूचनेतून आली आहेत. नकाराला कबुली समजून ‘गावात या कुटुंबाविषयी दारूची चर्चा होती’ असे लिहिणे हा या क्षेत्रातला नेहमीचा घात आहे. तेथे ऐकू येतो तो सावकाराच्या बाजूचा आवाज, कुळाच्या तोंडून.

याच्या उलट, जेथे साक्षीदार विचारल्यापेक्षा जास्त सांगतो ती जागा हेरायची. रोखा कोठे लिहिला, एवढाच मुद्दा असताना तो सांगतो की, त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, वादी माल मोजत होता, म्हणून आम्हांला दुपारपर्यंत बाहेर बसवले. दाव्याच्या निकालाशी त्या बसण्याचा काही संबंध नाही. कोणत्याच वकिलाला ते नको होते, आणि कारकुनानेही ते गाळले असते तर बिघडले नसते. तरीही ते उतरले. असा अनावश्यक तपशील साचा, वकील आणि लेखनिक या तिन्ही चाळण्यांतून निसटून आलेला असतो, म्हणून माझ्या लेखी त्याचे वजन सर्वांत जास्त. बाकी, जबानीच्या शेवटी ती वाचून दाखवली व बरोबर असल्याचे कबूल केले, अशी जी नोंद असते, तिच्यावर फार विसंबू नये. ती कायद्याने हवी होती, म्हणून असते. वयाचीही तीच गत. तीस, पस्तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर गर्दी दिसली की ती वये अंदाजाने टाकलेली आहेत असे समजावे आणि त्यांवरून जन्मसाल काढू नये.

बायका या सगळ्यात कोठे आहेत, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी मीच विचारतो, कारण रोख्यांवर त्या फारशा नसतात. विधवा असेल आणि मूल अज्ञान असेल तर क्वचित. त्या भेटतात जप्तीच्या वेळी. हुकूमनाम्याची बजावणी म्हणून घरातल्या वस्तू जप्त झाल्या की, त्या वस्तूवर आपला हक्क आहे असे सांगणाऱ्या तिसऱ्या माणसाला हरकतीचा अर्ज करता येई. १८५९ च्या दिवाणी प्रक्रियेच्या कायद्यातही ती सोय होती. स्त्रीधनावर नवऱ्याच्या सावकाराचा हक्क पोहोचत नाही, या आधारावर बायकोला तो करता येई. असा अर्ज वाचताना सावध राहावे लागते, कारण नवऱ्याची भांडी वाचवण्यासाठीही बायकोच्या नावाने तो होऊ शके. पण ही पातेली माहेरची, हे कडे आईने घातलेले, असे वस्तूवार सांगताना ती एका घराचा असा ऐवज मांडते की, जो दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदात येत नाही. दावा फेटाळला गेला तरी ती यादी आपल्यासाठी राहते.

राहते, जर कागद राहिला असेल तर. जिल्हा कोर्टांच्या दप्तरखान्यांत सगळेच कायम ठेवले जात नाही. १९१७ च्या दप्तर नष्ट करण्याच्या कायद्यान्वये उच्च न्यायालयांना त्यासाठी नियम करता येतात, आणि अशा नियमांची साधारण चाल अशी की, निवाडे आणि हुकूमनामे दीर्घकाळ राहतात, जबान्या, अर्ज आणि समन्स मात्र ठरावीक वर्षांनी जातात. थोडक्यात, मुका कागद टिकतो आणि बोलका जातो. त्यामुळे जबान्या शोधायच्या असतील तर अपिलात गेलेले दावे आधी पाहावेत. अपिलासाठी साक्षींच्या नकला झालेल्या असतात आणि त्या वरच्या कोर्टाच्या दप्तरात किंवा वकिलांच्या घराण्यांतून सापडतात. अर्थात अपिलात जाणारा दावा मोठ्या रकमेचा आणि जिद्दी माणसांचा असतो. तो नेहमीच्या दाव्याचा नमुना नव्हे, हे मग निबंधात स्पष्ट लिहावे लागते.

शेवटचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या निबंधाचा निम्मा भाग त्यातच गेला आहे. नवा कायदा आल्यावर रोख्यामागचा इतिहास उघडा पडू लागला, तेव्हा सावकारांनी रोखा आणि गहाणखत सोडून सरळ खरेदीखत लिहून घेण्याचा मार्ग धरला. कागदावर जमीन विकली गेली. तोंडी ठरले की, पैसे फेडले की परत लिहून देऊ. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन, खरेदीखत वरवरचे आहे आणि व्यवहार मुळात गहाणाचा आहे, हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची सोय शेतकऱ्याला मिळाली. झाले, त्यानंतरच्या जबान्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागते: कागद विक्रीचा असला तरी व्यवहार गहाणाचा होता. हा सामान्य माणसाचाच आवाज आहे, पण शिकवलेला. कायद्याने ज्या वाक्याला दार उघडले ते वाक्य सगळ्यांच्या तोंडी आले. ज्यांनी खरेच जमीन विकली होती आणि भाव चढल्यावर परत हवीशी वाटली, त्यांच्याही.

येथे कोणावर विश्वास ठेवायचा हे मी जबानीवरून ठरवत नाही, कारण सगळ्या जबान्या एकसारख्या दिसतात. चार बाहेरच्या गोष्टी पाहतो. खरेदीची रक्कम त्या गावातल्या तशाच जमिनीच्या इतर खरेदीखतांतल्या भावाच्या जवळपास आहे की निम्मीच आहे. खरेदीनंतर जमीन कोण कसत होते. मूळ मालकच कसत असेल तर संशय वाढतो. सरकारी सारा कोणी भरला. आणि सर्वांत निर्णायक, खरेदीखताच्या त्याच दिवशी किंवा एकदोन दिवसांत मूळ मालकाकडून खंडाची चिठ्ठी लिहून घेतली होती का. तशी चिठ्ठी असेल तर तिच्यातला वार्षिक खंड खरेदीच्या रकमेशी ताडून पाहायचा. दोनशे रुपयांच्या ‘खरेदी’वर वर्षाला अठ्ठेचाळीस रुपये खंड ठरला असेल, तर तो खंड दरमहा दोन टक्के व्याजाइतका भरतो. पीक येवो न येवो, पाऊस पडो न पडो, खंडाचा आकडा दरवर्षी तोच राहत असेल, तर जमीन भाड्याने दिलेली नाही, पैसा व्याजाने लावला आहे.

हे चारही जुळले, तर मी निबंधात त्या कुळाचे वाक्य कसलीही सूट न देता छापतो आणि त्याच्यापुढे खंडाचा हिशेब मांडतो. दोन जुळले आणि दोन जुळले नाहीत, तर त्याचे म्हणणे ‘प्रतिवादीने असे सांगितले’ एवढ्यावर ठेवतो. काहीच जुळले नाही, तर तेही लिहितो, आणि त्या गावातल्या सावकाराची कैफियत तितकीच जागा देऊन शेजारी घालतो. कारण हिशेबाच्या वह्या त्याच्याकडे होत्या म्हणून तो प्रत्येक दाव्यात लबाडच होता, असे समजण्याचा अधिकार मला कोणत्याही कागदाने दिलेला नाही.